सव्वा तासाचं व्याख्यान, पाऊण मिनिटाचा तुकडा

कुंडलिकेवर बोलायला उभा राहिलेला वक्ता कोलाडमध्ये सव्वा तास सहज बोलू शकतो. भर उन्हाळ्यात, आजूबाजूचे ओढे आटलेले असताना, या नदीत राफ्टिंग चालतं. ते चालतं कारण सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडलं जातं आणि वीज करून झाली की ते कुंडलिकेला मिळतं. एरवी हे पाणी मुळा, भीमा, कृष्णा असं पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. आता ते कोलाडवरून, रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. या एका वळणात भूगोल आहे, भिऱ्याचं १९२७ सालचं वीजकेंद्र आहे, १९२१चा मुळशी सत्याग्रह आहे, डोलवहालच्या बंधाऱ्यावरून निघणारे कालवे आहेत.

असं व्याख्यान आज कुणीतरी तिवईवर कॅमेरा लावून रेकॉर्ड करतंच. ते यूट्यूबवर चढतं, आणि पूर्ण पाहणारे मोजकेच निघतात. म्हणून त्यातून उभे, छोटे तुकडे कापायचे. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली, सप्टेंबर २०२०मध्ये यूट्यूबने शॉर्ट्स सुरू केले ते आधी भारतातच, आणि तेव्हापासून उभा व्हिडिओ हाच फोनवरचा मुख्य व्हिडिओ झाला. शॉर्ट्सची मर्यादा आधी ६० सेकंद होती, ऑक्टोबर २०२४पासून ती तीन मिनिटं झाली.

पण सव्वा तासातला नेमका कोणता भाग उचलायचा? हल्ली हे काम संगणकावर सोपवतात. तो संपूर्ण भाषणाचे शेकडो संभाव्य तुकडे पाडतो, प्रत्येकाला ‘लोक हे किती पाहतील’ याचे गुण देतो आणि वरचे चार-पाच पुढे करतो. हे गुण कसे ठरतात ते एकदा उलगडून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावर गुण सर्वांत जास्त हलतात. आणि वक्त्याच्या म्हणण्याचा विपर्यासही तिथेच होतो.

आपण नमुना म्हणून असंच एक व्याख्यान घेऊ. विषय कुंडलिकेचं पाणी, लांबी ७५ मिनिटं, सभागृहात पंखे चालू, वक्त्याच्या शर्टाला माइक, एकच कॅमेरा, मागे भिंतीवर नकाशा.

आधी शब्द, मग वाक्यं

पहिलं काम म्हणजे बोललेलं सगळं मजकुरात उतरवणं, आणि तेही प्रत्येक शब्दाच्या वेळेसकट. ‘मुळशी’ हा शब्द एकतिसाव्या मिनिटाला बाराव्या सेकंदाला आला, एवढी बारीक नोंद लागते. त्याशिवाय मजकुरात निवडलेली जागा व्हिडिओत सापडणार नाही. यासाठी व्हिस्परसारखी प्रारूपं वापरतात. व्हिस्पर सप्टेंबर २०२२मध्ये खुलं झालं. भारतीय भाषांसाठी एआयफोरभारत या गटाची प्रारूपंही मोफत मिळतात.

मराठी व्याख्यानावर ही प्रारूपं ठरावीक ठिकाणी अडखळतात. पहिली अडचण गावांच्या नावांची. डोलवहाल, भिरा, धाटाव ही नावं हमखास भलतीच उतरतात. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. वक्ता पाणी प्यायला थांबला किंवा टाळ्या वाजल्या की व्हिस्पर कधी कधी कुणी न बोललेलं वाक्य लिहून टाकतं, नाहीतर आधीचं वाक्य पुन्हा पुन्हा लिहितं. मजकूर नुसता वाचताना हे कळत नाही. ओळखायची खूण अशी, की अशा जागी शब्दांच्या वेळा विचित्र दिसतात. दहा शब्द अर्ध्या सेकंदात बसलेले असतात, किंवा एकच शब्द आठ सेकंद ताणलेला असतो. अशा ओळी आधी काढून टाकायच्या, नाहीतर पुढे त्यांनाही गुण मिळतात.

मग मजकुराची वाक्यं पाडायची. प्रारूपाने दिलेली विरामचिन्हं पुरेशी भरवशाची नसतात, म्हणून सोबत आवाजातले थांबेही पाहतात. एफएफएमपेग या मोफत साधनात त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -af silencedetect=noise=-35dB:d=0.6 -f null -
```

उणे पस्तीस डेसिबलच्या खाली आवाज किमान ०.६ सेकंद राहिला, तर तो थांबा धरा, असं इथे सांगितलं आहे. आपल्या सभागृहात पंखे चालू असल्याने या आकड्यावर बहुधा एकही थांबा सापडणार नाही, कारण पंख्यांची घरघरच त्याहून मोठी असते. मग उणे तीस, उणे अठ्ठावीस असं वर सरकत जायचं. सव्वा तासात दोन-चारच थांबे मिळाले तर आकडा फार खाली आहे. दोन शब्दांच्या मधेही थांबे दिसू लागले तर तो फार वर गेला.

पाच हजार तुकडे कुठून येतात

आता हिशेब मांडू. आपला वक्ता मिनिटाला साधारण १२० शब्द बोलतो. ७५ मिनिटांत ९,००० शब्द झाले. वाक्याला बारा-तेरा शब्द धरले तर सातशेच्या आसपास वाक्यं निघतात आणि एक वाक्य सरासरी सहा सेकंदांचं पडतं. तुकडा ३० ते ७५ सेकंदांचा हवा आणि तो वाक्याच्या आरंभी सुरू होऊन वाक्याच्या शेवटी संपायला हवा, एवढाच नियम ठेवला तरी प्रत्येक वाक्यापासून सुरू होणारे सात-आठ तुकडे शक्य होतात. सातशे गुणिले सात, म्हणजे जवळजवळ पाच हजार.

यातले बहुतेक एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. एकात एक वाक्य पुढे जास्त, दुसऱ्यात एक मागे कमी. म्हणून गुण देऊन झाले की सर्वांत वरचा तुकडा उचलतात, त्याच्याशी मोठ्या प्रमाणात एकमेकांवर चढणारे सगळे रद्द करतात, उरलेल्यांतला वरचा उचलतात, आणि असंच पुढे जातात. ही चाळणी विसरली की यादीतले पहिले पाच तुकडे म्हणजे एकच किस्सा पाच जागी कापलेला, असं होतं.

गुण कशाचे?

गुणांचे चार घटक धरू आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण देऊ.

पहिला घटक सुरुवात. उभ्या व्हिडिओत बोट सतत वर सरकवायच्या तयारीत असतं, त्यामुळे पहिली दोन-तीन सेकंदं निर्णायक ठरतात. पहिल्या वाक्यात प्रश्न, अनपेक्षित विधान किंवा ओळखीचं गाव आलं की गुण चढतात. ‘तर मी काय म्हणत होतो’ने सुरू झालं की उतरतात. दुसरा घटक ठोसपणा: नावं, साल, आकडे, प्रत्यक्ष वस्तू. तिसरा शेवट: तुकडा एखाद्या निष्कर्षावर संपतो की अधांतरी सुटतो. चौथा प्रतिसाद: हशा, टाळ्या, वक्त्याच्या आवाजातला चढ.

हा चौथा घटक मोजायला सोपा वाटतो, पण त्यातच चूक जास्त होते. नुसता मोठा आवाज मोजला तर माइकवर घासलेली शाल आणि वक्त्याचा खोकला यांना सर्वाधिक गुण मिळतील. म्हणून आवाज त्याच वक्त्याच्या त्याच भाषणातल्या सरासरीशी ताडून पाहायचा. काही वक्ते मुळातच चढ्या आवाजात बोलतात. शिवाय माइक वक्त्याच्या शर्टाला असला की श्रोत्यांचा हशा त्यात पुसट येतो. सभागृह खदखदून हसलेलं असतं आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त दोन सेकंदांचा थांबा दिसतो. सभागृहात मागे ठेवलेल्या एखाद्या फोनवर नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड केला असेल, तर या घटकाला अर्थ येतो. आपल्या नमुन्यात तसा केला आहे असं धरू.

चारही घटकांचं वजन सारखं नसतं. आपण सुरुवातीला ३० टक्के, ठोसपणाला २५, शेवटाला २५ आणि प्रतिसादाला २० टक्के वजन देऊ. हे आकडे निसर्गनियम नव्हेत, ठरवून घेतलेले आहेत. ते तसेच उघड मांडावेत, म्हणजे त्यांच्याशी वाद घालता येतो.

आता तीन तुकडे घेऊ.

पहिला तुकडा असा सुरू होतो: ‘कोलाडजवळून वाहणारं बरंचसं पाणी खरं तर बंगालच्या उपसागराला जायचं होतं.’ पुढे मुळशी, भिरा, वीजकेंद्र हा प्रवास येतो. सुरुवात ९, ठोसपणा ८, शेवट ७, प्रतिसाद ३. वजनं लावून २.७ + २ + १.७५ + ०.६, एकूण ७.०५.

दुसऱ्या तुकड्यात वक्ता राफ्टिंगला आलेल्या पाहुण्यांची गंमत सांगतो. पाणी सुटायची वेळ सकाळची असते, हे ठाऊक नसलेली मंडळी दुपारी नदीवर येतात आणि ‘नदी कुठे गेली?’ असं विचारतात. सभागृहात हशा. सुरुवात ६, ठोसपणा ४, शेवट ८, प्रतिसाद १०. एकूण १.८ + १ + २ + २, म्हणजे ६.८.

तिसरा तुकडा मुळशी सत्याग्रहाचा. तो सुरू होतो: ‘आणि त्यांनी सांगितलं, जमीन देणार नाही.’ पुढे सेनापती बापट येतात, सत्याग्रह येतो, आणि शेवटी धरण झालंच, गावं पाण्याखाली गेलीच, असं वक्ता सांगतो. ठोसपणा ८, शेवट ८, प्रतिसाद ५, पण सुरुवातीला फक्त ४, कारण ‘त्यांनी’ म्हणजे कुणी ते ऐकणाऱ्याला कळत नाही. एकूण १.२ + २ + २ + १, म्हणजे ६.२. तुकडा तिसऱ्या क्रमांकावर गेला.

आता याच तुकड्याची सुरुवात फक्त एक वाक्य मागे सरकवू. ते वाक्य आहे: ‘१९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला.’ लांबी सहा सेकंदांनी वाढली, बाकी काहीच बदललं नाही. सुरुवातीचे गुण ४चे ८ झाले, एकूण ६.२चे ७.४ झाले आणि तुकडा पहिल्या क्रमांकावर आला. मजकूर तोच, वक्ता तोच. कात्री एका वाक्याने हलली. म्हणून यादीत खाली गेलेले तुकडे टाकून देण्याआधी त्यांची टोकं पुढे-मागे सरकवून पाहावीत. पाच हजार संभाव्य तुकड्यांत हा सुधारलेला तुकडाही असतोच, पण सर्वनाम अधांतरी आहे की नाही हे ओळखणारा नियम नसेल, तर यंत्राला या दोघांतला फरक दिसत नाही.

असा नियम मराठीत लिहिता येतो. पहिल्या वाक्यात ‘तो, ती, ते, त्यांनी, त्यामुळे, म्हणून, मघाशी, वर सांगितलं तसं’ यांपैकी काही आलं आणि त्याच वाक्यात कुणाचं नाव नसलं, तर सुरुवात एक वाक्य मागे न्या. तीन वाक्यं मागे जाऊनही जमलं नाही तर तुकडा सोडून द्या. नियम ढोबळ आहे, पण कामाचा आहे.

शेवटाची चूक महाग पडते

सुरुवात चुकली तर तुकडा कुणी पाहत नाही, एवढंच नुकसान. शेवट चुकला तर वक्त्याच्या तोंडी उलटं विधान जातं.

आपल्या व्याख्यानात एक जागा अशी आहे: ‘कुंडलिकेला उन्हाळ्यात दिसतं ते पाणी तिचं स्वतःचं आहे, असं अनेकांना वाटतं.’ इथे वक्ता थांबतो. चांगले वक्ते अशा जागी हमखास थांबतात. मग म्हणतो, ‘तसं नाही.’ हा थांबा आठ-नऊ दशांश सेकंदांचा आहे, आणि आपण थांबा कशाला धरायचं ठरवलं होतं? ०.६ सेकंदाला. म्हणजे यंत्राला नेमकी इथेच कापायला जागा मिळते. वाक्य पूर्ण आहे, थांबा स्वच्छ आहे, शेवटाचे गुणही चांगले आहेत. आणि तुकडा वक्ता जे खोडून काढत होता तेच ठामपणे सांगतो.

मराठीत हा धोका जास्त आहे, कारण आपला नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘धरणामुळे फक्त नुकसानच झालं असं मी म्हणत नाही’ यातलं शेवटचं ‘नाही’ शब्दाची वेळ पाव-अर्धा सेकंद चुकली तरी कात्रीखाली येतं. प्रारूपाने दिलेल्या शब्दांच्या वेळा एवढ्या फरकाने चुकतातच. म्हणून कापताना शेवटच्या शब्दानंतर तीन-चार दशांश सेकंद मोकळी ठेवायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढची दोन वाक्यं वाचायची. ती ‘पण’, ‘मात्र’, ‘तसं नाही’, ‘खरं तर’, ‘उलट’ यांनी सुरू होत असतील तर तुकडा तिथे संपवायचा नाही. तसंच तुकड्यात ‘म्हणतात’, ‘समजतात’, ‘असं वाटतं’ आलं असेल तर वक्त्याचं स्वतःचं मतही त्याच तुकड्यात आलं पाहिजे.

या अटी गुणांत मिसळू नयेत. अर्थ पुरा असण्याला दहापैकी तीन गुण दिले आणि बाकी सगळीकडे नऊ-नऊ मिळाले तर विपर्यस्त तुकडाही वर चढतो. अर्थ पुरा आहे की नाही ही उंबऱ्यावरची अट ठेवावी: ती पाळणाऱ्या तुकड्यालाच गुण द्यायचे, न पाळणारा कितीही रंगतदार असला तरी यादीत नको. भावनेच्या गुणांबाबतही हीच सावधगिरी हवी. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठी मजकुरातली भावना ओळखायला ट्वीटांवरून बनवलेला साठा खुला केला आहे आणि तो उपयोगी आहे. पण ट्वीटवर शिकलेल्या प्रारूपाला व्याख्यानातला संथ, लांबचलांब युक्तिवाद कोरडा वाटतो आणि एखादा तावातावाने बोललेला शब्द मोलाचा वाटतो.

आडव्याचा उभा

निवडलेला तुकडा आता उभा करायचा. कॅमेऱ्याची चौकट १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची. पूर्ण उंची ठेवून नऊ-सोळाच्या प्रमाणात कापली तर रुंदी फक्त ६०८ ठिपके उरते, म्हणजे मूळ चित्राचा तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी भाग. वक्ता उजवीकडे उभा असेल तर आज्ञा अशी होते:

```
ffmpeg -ss 00:31:06.4 -i vyakhyan.mp4 -t 53.8 \
  -vf "crop=608:1080:980:0,scale=1080:1920" \
  -c:v libx264 -c:a aac tukda1.mp4
```

`980` म्हणजे डावीकडून किती ठिपके सोडून कापायचं. इथे चित्र पुन्हा नव्याने बांधलं जातं, त्याला वेळ लागतो. तो वाचवायला काही जण आडवा तुकडाच आधी `-c copy`ने वेगळा काढतात, कारण `-vf`सोबत `-c copy` चालत नाही. पण मग व्हिडिओ आपल्या जागी न कापता मागच्या पूर्ण चौकटीपासून कापला जातो. दोन-तीन सेकंदं आधीचं बोलणं आत येतं आणि एवढ्या मेहनतीने ठरवलेली सुरुवात वाया जाते.

वक्ता फिरणारा असेल तर चेहरा ओळखून चौकट त्याच्यामागे सरकवतात. ती प्रत्येक हालचालीला सरकली तर पाहणाऱ्याला गरगरतं, म्हणून चेहरा चौकटीच्या मधल्या एक-तृतीयांश भागाबाहेर गेला तरच ती हलवायची. आणि वक्ता नकाशाकडे हात करून ‘हे इथून पाणी येतं’ म्हणत असेल तर नुसता चेहरा दाखवून भागत नाही. अशा तुकड्यात वरच्या भागात नकाशा आणि खाली वक्ता, अशी चौकट दोन मजल्यांची करावी. गुण देणारं यंत्र फक्त मजकूर आणि आवाज पाहत असल्याने ‘इथून’, ‘इकडे’, ‘हे बघा’ या शब्दांवर खूण करून असे तुकडे माणसाने वेगळे पाहावेत.

खाली मजकूर द्यावा, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात. एका वेळी पाच-सहा शब्द, दोन ओळींच्या आत. तळाचा साधारण पाचवा भाग मोकळा ठेवावा. तिथे ॲपची बटणं आणि चॅनेलचं नाव येतं. डोलवहालचं नाव चुकलेलं इथे ठळक अक्षरांत दिसतं आणि रोह्याचा माणूस तिथेच पुढे सरकतो.

गुण खरे होते का?

तुकडे प्रसिद्ध झाले की यूट्यूब स्टुडिओमध्ये कळतं की किती जणांनी पाहिला, किती जणांनी पुढे सरकवला आणि कोणत्या सेकंदाला लोक गळाले. पहिल्या तीन सेकंदांत मोठी गळती असेल तर सुरुवात चुकली. मधेच एका जागी कडा तुटल्यासारखी गळती असेल तर तिथे विषय बदलला आहे आणि एका तुकड्यात दोन तुकडे कोंबले गेले आहेत.

पण दहा-बारा तुकड्यांच्या आकड्यांवरून वजनं बदलू नयेत. कोणत्या दिवशी टाकला, पहिलं चित्र कोणतं होतं, यांनीच एवढा फरक पडतो. शिवाय आपल्याकडे आकडे असतात ते फक्त प्रसिद्ध केलेल्या, म्हणजे आधीच जास्त गुण मिळालेल्या तुकड्यांचे. कमी गुणांचा तुकडा चालला असता का, हे कधीच कळत नाही. त्यावर उपाय एकच: दर व्याख्यानातून एखादा मधल्या गुणांचा तुकडाही मुद्दाम प्रसिद्ध करायचा. गुणपद्धत कुठे चुकते ते त्यातून हळूहळू दिसू लागतं.

एडएक्सच्या अभ्यासक्रमांतल्या व्हिडिओंवर फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. पाहण्याच्या ६९ लाख प्रसंगांच्या नोंदी तपासून त्यांना दिसलं की विद्यार्थी व्हिडिओला साधारण सहा मिनिटांपर्यंतच धरून राहतात, व्हिडिओ कितीही लांब असो. त्यांनी अभ्यासले ते शिकायला आलेल्यांसाठी बनवलेले व्हिडिओ होते. शॉर्ट्स पाहणारा शिकायला आलेला नसतो, त्यामुळे त्याच्याकडून पाऊण मिनिट मिळालं तरी ते बरंच म्हणायचं. पण त्या पाऊण मिनिटात कुंडलिकेचं पाणी कुठून आलं हे त्याला चुकीचं कळलं, तर ते दुरुस्त करायला तो सव्वा तासाच्या व्याख्यानाकडे येईलच असं नाही.

म्हणून प्रसिद्ध करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक तुकड्याला मूळ व्याख्यान जोडावं आणि तुकडा त्यात कोणत्या मिनिटाला येतो ते लिहावं. आणि निवडलेले तुकडे वक्त्याला पाठवून एवढंच विचारावं: ‘हे तुम्ही म्हणालात का, आणि असंच म्हणालात का?’ पाच तुकडे पाहायला वक्त्याला पाच मिनिटं लागतात. या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर देणारी गुणपद्धत अजून तरी कुणी बनवलेली नाही.